पावसाळ्याआधी खाणावळीची तयारी: पगार आणि मसाला सोडून काय कापायचं

मालवण-देवबागकडे मे संपता संपता किल्ल्याच्या होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स बंद होतात, 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि त्यानंतर लगेच श्रावण लागतो. म्हणजे गिऱ्हाईक नाही, मासळीही नाही. म्हणून ही तयारी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातच करायची.

पहिलं काम वहीतलं. समजा, थाळी 250 ची आणि सामान-गॅस जाऊन हातात 120 उरतात. जुलैत रोज 25 थाळ्या गेल्या तर आठवड्याच्या सुट्ट्या वगळून 26 दिवसांत 78,000 होतात. पाच माणसांचे पगार 65,000, भाडं 20,000 आणि वीजबिल 15,000 धरलं, तर 22,000 कमी पडतात. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हा खड्डा रुपयांत दिसल्याशिवाय काय कापायचं ते ठरवू नका. नाहीतर पहिला हात जातो तो नारळावर नाहीतर भांडी घासणाऱ्या मावशींवर.

मग डीप फ्रीझर. अर्धा रिकामा असला तरी तो वीज जवळजवळ तेवढीच खातो. मोठा फ्रीझर दिवसाला चारेक युनिट घेतो, व्यावसायिक दराने महिन्याचे दीडेक हजार. तीन असतील तर माल एकात आणा आणि दोन बंद करून, पुसून, दार किंचित उघडं ठेवा, म्हणजे आत बुरशी धरणार नाही. एकातच काय मावेल तेवढीच सुरमई साठवा, किलोकिलोच्या पुड्या करून, वर तारीख लिहून. बांगडा साठवायच्या भानगडीत पडू नका. तेलकट मासळी लवकर खवट होते. आपल्याकडे पावसात लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको. वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवा आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं की समजायचं, माल मध्ये वितळून पुन्हा गोठला. तो गिऱ्हाइकाच्या ताटात जाता कामा नये.

फलकावरची नावं कमी करा, आणि ते बिनधास्त करा. पापलेट-सुरमई-कोळंबीची लांबलचक यादी जुलैत ठेवणं म्हणजे शिळं खपवायची सोय. त्यापेक्षा कोंबडी-वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, सुकटीची किसमूर आणि खाडीत त्या दिवशी जे मिळेल ते, एवढं पुरे. सुकं मासळीचं सामान मात्र मेमध्येच, उन्हं असताना घ्या. बोंबील कडक हवा, हाताला ओलसर लागला तर पंधरा दिवसांत अळ्या पडतील. श्रावणात टाकळा, अळू, फोडशी ही भाजी स्वस्त आणि ताजी मिळते.

मंदीत चव बिघडते ती बहुतेक वेळा तेलामुळे. गिऱ्हाईक कमी असलं की तेच तेल चार दिवस कढईत राहतं. अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे तळणीच्या तेलातले पोलर घटक 25 टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नाही. मोजायचं यंत्र नसेल तर फेस बसत नाही, तेल लवकर धुरावतं आणि चिकट होतं, एवढं बघा. उपाय साधा आहे: मोठी कढई माळ्यावर टाका आणि लहान कढईत कमी तेल घ्या. मसाल्याचंही तसंच. बेडगी-संकेश्वरी मिरची मेमध्ये वाळवून, दळून बरण्या भरून ठेवा. तयार पाकिटावर गेलात तर महिन्याला वाचणार हजारभर रुपये, आणि रोजचा माणूस आठवड्यात ओळखेल.

आता माणसं. मेच्या शेवटी सगळ्यांना एकत्र बसवून वही उघडी दाखवा. जूनअखेर-जुलैत निम्म्यांना घरच्या भातलावणीला जायचंच असतं, त्यामुळे पाळीपाळीने पंधरा दिवस अर्ध्या पगारी सुट्टी दिली तर ती शिक्षा वाटत नाही. कुणाची पाळी केव्हा ते त्यांनाच ठरवू द्या. फक्त स्वयंपाकीण आणि तिच्या हाताखालची एकाच वेळी नकोत. दर महिन्याला दोघांची अशी सुट्टी धरली तर साडेसहा हजार वाचतात, दोन फ्रीझरचे तीन हजार. उरलेले साडेबारा हजार, जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांचे मिळून 37,500, मेच्या गल्ल्यातून वेगळ्या खात्यात टाका. रात्रीची खाणावळ आठवड्यातून दोनच दिवस ठेवली तर गॅस आणि दिव्यांचंही थोडं वाचेल, पण ते हिशोबात धरू नका. गणपतीसाठी उचल लागणारच. तिची रक्कम आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे कुणी ऐन हंगामाआधी दुसरीकडे जाणार नाही.

शेवटचं काम गणपतीच्या तोंडावरचं. चाकरमानी यायच्या आधी बंद फ्रीझर धुऊन रात्रभर रिकामे चालवा, पूर्ण थंड झाल्यावरच नवी मासळी भरा.