मांजर दात घासू देत नव्हतं, आता देतं: माझा अनुभव (सांगली)

आमची मनी भुकेने वाटीकडे धावायची, पण कोरडा दाणा एका बाजूने चावायची आणि मध्येच तोंडातून टाकून द्यायची. तोंडाला घाण वास, हनुवटी लाळेने ओली. ओठ वर केला तर मागच्या दाढांवर पिवळट-तपकिरी थर आणि हिरडीच्या कडेला लाल रेघ.

विश्रामबागच्या डॉक्टरांनी भूल देऊन दात साफ केले. घट्ट झालेला थर ब्रशने निघत नाही, आणि दुखऱ्या दातावर ब्रश लावला की मांजर ब्रशला बिथरू शकतं. म्हणून हिरड्या बऱ्या होईपर्यंत थांबलो.

टॉवेलात गुंडाळून जबडा उघडणं, रबरी बोटब्रश, दोन्ही फसलं. हात मात्र ओरबाडून निघाले.

जमलं ते असं. आधी काही दिवस चिकनचं बिनमिठाचं पाणी (कांदा-लसूण अजिबात नको, मांजराला विषारी) बोटाला लावून नुसतं चाटू दिलं. मग त्याच बोटाने ओठाखालून दाढा चोळल्या. त्यानंतर मांजरांची पेस्ट बोटावर, आणि ती आवडल्यावरच बारीक मऊ ब्रश. आपली पेस्ट नको, मांजर थुंकत नाही, गिळतं.

मनीच्या मागे बसायचं, तोंड बंदच ठेवायचं, ओठाचा कोपरा वर करायचा. ब्रश हिरडीकडे तिरका धरून वरच्या दाढांच्या फक्त बाहेरच्या बाजूने फिरवायचा, दर बाजूला पंधरा-वीस सेकंद. आतली बाजू खरखरीत जीभ बऱ्यापैकी सांभाळते. हे रोज, कारण मऊ थर थोड्याच दिवसांत दगडासारखा होतो.

रक्त आलं किंवा ती पुन्हा एका बाजूने चावू लागली, तर ब्रश बंद आणि थेट डॉक्टर.