जर्मनमध्ये ‘गाडी कधी सुटते ते सांगाल का?’ कसं विचारायचं

जर्मन शिकताना साधा प्रश्न लवकर जमतो. घोळ होतो तो प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात घालताना. स्टेशनवरचं एकच उदाहरण घेऊ.

आधी सरळ प्रश्न बनवा. उत्तर हो किंवा नाही असेल, तर क्रियापद सगळ्यात पुढे आणि त्याच्या मागे कर्ता: ‘इस्ट डेअर त्सूग शोन आपगेफारन?’ म्हणजे ‘गाडी सुटली का?’ आपल्या ‘का’सारखा शब्द इथे लागत नाही, पुढे आलेलं क्रियापदच ते काम करतं. वान (कधी), वो (कुठे) असा डब्ल्यूचा प्रश्नशब्द असेल, तर तो पहिला, क्रियापद दुसरं: ‘वान फेअर्ट डेअर त्सूग आप?’ आपफारन म्हणजे सुटणे. इथे त्याचे दोन तुकडे झाले आहेत आणि ‘आप’ टोकाला गेलाय.

आता पुढे ‘विसन झी’ (तुम्हाला माहीत आहे का) जोडा आणि स्वल्पविराम द्या. लिहिताना तो हवाच. प्रश्नशब्द जागच्या जागी राहतो, त्याच्यामागे कर्ता येतो आणि क्रियापद थेट शेवटी जातं. तुटलेले तुकडेही तिथे पुन्हा जुळतात: ‘विसन झी, वान डेअर त्सूग आपफेअर्ट?’

सवयीने ‘विसन झी, वान फेअर्ट डेअर त्सूग आप?’ असं तोंडात येतं, आणि परीक्षेत गुण जातात ते इथेच. खरं तर इथे मराठी उपयोगी पडते, कारण आपलंही क्रियापद शेवटीच असतं. ‘वो इश उमश्टायगन मुस’ आणि ‘कुठे मला गाडी बदलावी लागते’ एकाखाली एक लिहून बघा. ‘उमश्टायगन मुस’च्या जागी ‘गाडी बदलावी लागते’, क्रमही तोच.

हो-नाहीच्या प्रश्नात प्रश्नशब्दच नसतो, म्हणून ती जागा ‘ऑप’ घेतो: ‘विसन झी, ऑप डेअर त्सूग शोन आपगेफारन इस्ट?’ ‘आपगेफारन इस्ट’ म्हणजे ‘सुटली आहे’, इथेही क्रम आपलाच.

‘ऑप’ऐवजी पुष्कळ जण ‘वेन’ म्हणतात, कारण इंग्रजीत दोन्हीकडे ‘इफ’ चालतं. मराठीत तपासा. वाक्याच्या शेवटी ‘की नाही’ बसत असेल, तर ‘ऑप’. ‘जर… तर’ बसत असेल, तर ‘वेन’. आणि वान, वो असताना ‘ऑप’ लावू नका, दोन्ही एकत्र येत नाहीत.

शेवटचं चिन्ह मुख्य वाक्य ठरवतं. ‘विसन झी’ने सुरुवात केली तर प्रश्नचिन्ह, आणि ‘इश वाइस निश्ट’ (मला माहीत नाही) म्हणालात तर पोटात प्रश्न असूनही पूर्णविराम.