भरीव गोळ्याच्या पृष्ठभागाचं आणि केंद्राचं तापमान काढताना या चुका टाळा

हीट ट्रान्सफरच्या पेपरमध्ये हे गणित बहुतेक मुलं सोडवतात आणि बरीच मुलं त्यात मार्क घालवतात. भरीव गोळा, आत सगळीकडे सारखी उष्णता तयार होतेय, बाहेरून हवा किंवा पाणी त्याला थंड करतंय. पृष्ठभागाचं तापमान काढा, केंद्राचं काढा. सूत्रं दोनच आहेत, आणि चुकतात ती पाठ केल्यामुळे. सोलापुरात मेकॅनिकलच्या मुलांना शिकवताना ज्या चुका वहीत पुन्हापुन्हा दिसतात, त्या एकाच उदाहरणावर दाखवतो.

गोळ्याचा व्यास 8 सेंटीमीटर. पदार्थ सिरॅमिकसारखा, k = 0.8 W/m·K. आत तयार होणारी उष्णता q = 60,000 W/m³. पंख्याची हवा, h = 20 W/m²·K. हवेचं तापमान 42 °C. पुस्तकातली गणितं बहुधा 25 °C धरतात, पण मे महिन्यात दुपारी आपल्याकडे शेडमध्ये 25 कुठून येणार? उत्तरातला प्रत्येक अंश या आकड्यावर चढतो, म्हणून तो गणितात दिलेला नसेल तर आधी ठरवा आणि स्पष्ट लिहा.

पृष्ठभाग: आधी उष्णतेचा हिशोब

स्थिर अवस्थेत गोळ्यात जेवढी उष्णता तयार होते तेवढीच पृष्ठभागावरून बाहेर जाते. आकारमान 2.68×10⁻⁴ m³, म्हणून एकूण उष्णता 16.1 W. पृष्ठफळ 0.0201 m². 16.1 ला 20 × 0.0201 ने भागलं की 40 येतात, म्हणजे पृष्ठभाग 82 °C. सूत्र यातूनच निघतं:

```
Ts = T∞ + q·R/(3h)
Tc = Ts + q·R²/(6k)
```

इथली सगळ्यात मोठी गफलत त्या 3 ची आहे. गोळ्याचं आकारमान भागिले पृष्ठफळ म्हणजे R/3. लांब दांड्याला ते R/2 असतं आणि सपाट भिंतीला अर्धी जाडी. घाईत दांड्याचं सूत्र वापरलं तर पृष्ठभाग 102 °C येतो. तो आकडा अजिबात विचित्र वाटत नाही, म्हणूनच चूक लपून राहते. 8 सेंटीमीटर हा व्यास आहे हे विसरून तोच R म्हणून घातला तर पृष्ठभाग थेट 122 °C. त्यामुळे सूत्रात आकडे घालण्याआधी वहीच्या कडेला R = 0.04 m असं एका ओळीत लिहायची सवय लावा. सेंटीमीटरचं मीटर करायचं राहिलं तर तेही त्याच ओळीत दिसतं.

केंद्र: जाडी तीच, उष्णता तेवढी नाही

केंद्राचं तापमान काढताना एका मुलीने पोकळ गोळ्याचं रेझिस्टन्सचं सूत्र लावलं होतं. त्यात आतली त्रिज्या शून्य ठेवली की उत्तर अनंत येतं, म्हणून तिने 1 मिलिमीटर धरली. उत्तर आलं: केंद्र पृष्ठभागापेक्षा 1560 अंशांनी गरम. तिने मला विचारलं, "सर, सूत्र तर पुस्तकातलंच आहे, मग एवढं कसं?"

सूत्र बरोबर आहे, जागा चुकली. पोकळ गोळ्याच्या सूत्रात आतून निघालेली सगळी उष्णता प्रत्येक थरातून जाते असं गृहीत धरलेलं असतं. आपल्या गोळ्यात तसं होत नाही. केंद्राजवळच्या थरातून फक्त त्याच्या आतल्या भागात तयार झालेली उष्णता जाते. निम्म्या त्रिज्येच्या आत आकारमान आठवा हिस्सा, म्हणजे तिथून 16 पैकी फक्त 2 W बाहेर पडतात. हे डोळ्यासमोर ठेवून r त्रिज्येच्या आतल्या गोळ्याचा हिशोब मांडा:

```
q·(4/3)πr³ = −k·4πr²·(dT/dr)
dT/dr = −q·r/(3k)
```

हे 0 पासून R पर्यंत इंटिग्रेट केलं की q·R²/(6k) मिळतं. आपल्या आकड्यांत 60,000 × 0.0016 भागिले 4.8, म्हणजे बरोबर 20 अंश. केंद्र 102 °C. दोन ओळींचं काम आहे आणि यात C1, C2 चा घोळ नाही. ज्यांना डिफरन्शियल इक्वेशनपासूनच जायचं आहे त्यांनी r² चा गुणक विसरू नये. तो सुटला की भिंतीचं समीकरण उरतं, 6 च्या जागी 2 येतात आणि फरक तिप्पट होतो.

मधल्या ठिकाणचं तापमान विचारलं की मुलं सरासरी काढून 92 लिहितात. आलेख सरळ रेषेचा नाही, पॅराबोला आहे. निम्म्या त्रिज्येवर 97 °C असतं, कारण केंद्राजवळ उतार जवळजवळ शून्य असतो आणि बाहेर जाताना तो वाढत जातो.

उत्तर पटतंय का, कसं पाहायचं

केंद्र-पृष्ठभाग फरक भागिले पृष्ठभाग-हवा फरक, हे गुणोत्तर नेहमी h·R/(2k) येतं. आपल्याकडे 20 × 0.04 भागिले 1.6, म्हणजे अर्धा. आणि 20 हे 40 च्या निम्मे आहेतच. एका ओळीची ही पडताळणी 3 आणि 6 ची किंवा आकडेमोडीची गडबड पकडते; R, h किंवा k सगळीकडे सारखाच चुकीचा घेतला असेल तर मात्र ती पकडत नाही. हा गोळा तांब्याचा असता तर k सुमारे 390, आणि केंद्र पृष्ठभागापेक्षा जेमतेम 0.04 अंश गरम. लहान धातूच्या गोळ्याला आत-बाहेर वीस-तीस अंशांचा फरक आला तर एकक नक्की चुकलंय.

याच गुणोत्तरातून एक गोष्ट कळते जी प्रत्यक्ष कामात फार उपयोगी आहे. हाच गोळा 42 अंशांच्याच वाहत्या पाण्यात ठेवला आणि h 500 झाला, तर पृष्ठभाग 43.6 °C वर येतो. केंद्र मात्र 63.6 °C. आतले 20 अंश तसेच राहतात, कारण त्या पदात h कुठेच नाही. पंखा कितीही वाढवला तरी ते कमी होणार नाहीत. त्यासाठी गोळा लहान करायचा, q कमी करायचा किंवा k चांगला असलेला पदार्थ घ्यायचा.

पंखा बंद झाला तर

इथे हुशार मुलंही फसतात. पंखा बंद, हवा स्थिर, आणि तरी h = 20 च ठेवतात; किंवा नैसर्गिक कन्व्हेक्शनचा h काढतात पण रेडिएशन सोडून देतात. या गोळ्याला नैसर्गिक कन्व्हेक्शनचा h सुमारे 6 येतो. एमिसिव्हिटी 0.9 आणि भोवतीच्या भिंतीही 42 °C धरल्या तर रेडिएशनचा हिस्सा त्याहून जास्त, 8 च्या आसपास निघतो. तो काढताना तापमान केल्विनमध्येच घ्यायचं, Ts आणि Tc च्या सूत्रांत फक्त फरक असल्यामुळे तिथे सेल्सिअस चालतं.

आणि हे दोन्ही h पृष्ठभागाच्या तापमानावर अवलंबून आहेत, म्हणून एका फेरीत उत्तर येत नाही. पृष्ठभाग 82 धरून h काढला तर 13.7 येतो, त्याने फरक 58 अंश निघतो, 40 नाही. नवीन तापमानाने पुन्हा h काढायचा. दोन-तीन फेऱ्यांत h 14.6 आणि फरक 55 वर स्थिरावतो. पृष्ठभाग 97 °C, केंद्र 117 °C. केंद्राचे 20 अंश इथेही तेच, म्हणून फेऱ्या फक्त पृष्ठभागासाठी करायच्या आणि शेवटी 20 मिळवायचे.