वाय-फायवरचा आगंतुक: ब्लॉक केलं म्हणजे तो गेला, असं नाही! या चुका टाळा

नेट हळू झालं की संशय सगळ्यात आधी शेजाऱ्यावर जातो. नागपुरात एप्रिल-मे लागला की हा संशय जरा जास्तच वाढतो, आणि त्यामागे बरेचदा शेजारी नसून कूलर असतो. पत्र्याचा सांगाडा आणि आत भरलेली पाण्याची टाकी, दोन्ही वाय-फायच्या लहरींना अडवतात. राउटर हॉलमध्ये, बेडरूमच्या दारात कूलर आणि फोन त्याच्या पलीकडे, अशी मांडणी असेल तर चोर नसतानाही व्हिडिओ अडखळणार.

म्हणून कोणावर आळ घेण्याआधी एक केबल शोधा. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि स्पीड तपासा. केबलवर प्लॅनइतका स्पीड येत असेल, तर त्या क्षणी तरी तुमची लाइन कोणी ओढत नाही. अडचण सिग्नलची आहे. घरातले सगळे फोन-टीव्ही बंद असताना केबलवरही स्पीड पडलेला असेल, तर मग कंपनीची लाइन खराब आहे किंवा कोणीतरी आत बसलंय. आणि जो आगंतुक फक्त व्हॉट्सॲप पाहतो, त्याचा स्पीडवरून पत्ताच लागत नाही. त्याच्यासाठी राउटरची यादीच बघावी लागते.

चूक: यादीतलं प्रत्येक अनोळखी नाव म्हणजे चोर

राउटरचं पान उघडायला ब्राउझरमध्ये बहुधा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` टाकावं लागतं. नाही उघडलं तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर `ipconfig` लिहा आणि `Default Gateway` समोरचा आकडा घ्या. आत दोन प्रकारच्या याद्या सापडतात. `DHCP Clients` या यादीत तासाभरापूर्वी घर सोडून गेलेला पाहुणासुद्धा दिसत राहतो, कारण त्याला दिलेल्या पत्त्याची मुदत संपलेली नसते. आत्ता, या घडीला कोण जोडलेलं आहे ते `Wireless Clients`, `WLAN Clients` किंवा अशाच नावाच्या यादीत कळतं. तीच बघायची.

मनीष नगरातल्या एका दुमजली घराची गोष्ट घेऊ. खाली घरमालक सर, निवृत्त शिक्षक, वर भाडेकरू. सरांचा सरळ प्रश्न होता, "आमचं नेट काहून इतकं हळू झालं?" यादीत ओळखू न येणाऱ्या या तीन ओळी होत्या:

```
ESP_41D07C   5C:CF:7F:41:D0:7C
Unknown      DA:61:19:0B:4E:27
Unknown      B6:2C:80:F5:13:9D
```

पहिल्या ओळीवर सरांचा सगळ्यात जास्त संशय, कारण नावच विचित्र. पण ओळीत उजवीकडे दिसतो तो मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची त्या उपकरणाची ओळख; त्याच्या पहिल्या तीन जोड्यांवरून चिप बनवणारी कंपनी कळते, आणि `5C:CF:7F` ही एस्प्रेसिफची. तिच्या स्वस्त चिप स्मार्ट बल्ब, प्लग, पाण्याच्या पंपाचे टायमर अशा कशातही असतात. सरांकडे ती गच्चीवरच्या सोलर इन्व्हर्टरला लावलेल्या वाय-फाय स्टिकमध्ये निघाली. स्टिक काढली, ओळ गेली. लावली, परत आली. रागाच्या भरात तिला ब्लॉक केलं असतं, तर सोलरच्या ॲपमधले युनिट दिसायचे थांबले असते आणि त्याचं खापर फुटलं असतं इन्व्हर्टरवर.

उरलेल्या दोन्ही पत्त्यांत दुसरं अक्षर बघा: `A` आणि `6`. दुसऱ्या जागी 2, 6, A किंवा E असेल तर तो पत्ता बहुधा फोनने स्वतः बनवलेला असतो, कारखान्यातला नसतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी असा वेगळा, बनावट पत्ता वापरतात. त्यामुळे कंपनीचं नाव शोधायला गेलात तर काहीच हाती लागत नाही आणि घरचाच फोन परका वाटतो. मग ओळखायचं कसं? घरातल्या एकेका फोनचं वाय-फाय बंद करायचं आणि यादी ताजी करून कोणती ओळ गळाली ते बघायचं. `DA` वाला सरांच्या सुनेचा फोन होता. घरातलं सगळं बंद केल्यावरही `B6` मात्र जागेवर होता. आगंतुक तोच.

हे काम रात्री करा. दिवसा घरातलं काय काय चालू आहे ते कोणालाच आठवत नाही. टीव्ही, सेटटॉप बॉक्स, कॅमेरा, एसी, सगळे आपापलं वाय-फाय धरून बसलेले असतात.

चूक: ब्लॉक केलं आणि निश्चिंत झालो

सरांच्या मुलाने `B6` वाली ओळ ब्लॉक केली. दुसऱ्या दिवशी यादीत एक नवाच पत्ता. यात हॅकिंगबिकिंग काही नाही. अँड्रॉइडमध्ये त्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये `Use randomized MAC` ऐवजी `Use device MAC` निवडलं की तोच फोन राउटरला नवा वाटतो. ब्लॉक होतो तो पत्ता. माणसाकडचा पासवर्ड शाबूत राहतो.

याच कारणाने 'फक्त या पत्त्यांनाच आत येऊ द्या' हा मॅक फिल्टरही मला पटत नाही. पत्ते हवेत उघडे फिरतात, नक्कल करता येतात, आणि उलट घरच्याच फोनने पत्ता बदलला की तो बाहेर बसतो. नेटवर्कचं नाव लपवणं तर त्याहून निरुपयोगी: लपवलेलं नाव शोधायला तुमचाच फोन जाईल तिथे ते नाव पुकारत हिंडतो.

पासवर्ड बाहेर गेला कसा, हेही बघू. लोकांना वाटतं कोणी तरी तोडला. बहुतेक वेळा तो दिलेला असतो. अँड्रॉइड १० पासून वाय-फाय शेअर करताना क्यूआर कोड येतो आणि त्याखाली बऱ्याच फोनवर पासवर्ड चक्क अक्षरांत लिहून येतो. एका पाहुण्याला दिला की तो पुढे किती जणांकडे जाईल त्याला हिशोब नाही. सरांनी वरच्या पोरांना, त्यांचं स्वतःचं कनेक्शन येईपर्यंत म्हणून, पासवर्ड दिला होता. पोरं खोली सोडून पलीकडच्या बिल्डिंगमध्ये गेली. पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला, आणि सिग्नल तिथवर पोचत होताच.

चूक: पासवर्ड बदलला, पण अर्धाच

सरांच्या घरी पासवर्ड बदलूनही आगंतुक परत आला. कारण राउटर दोन नावांनी वाय-फाय देत होता, एक २.४ गिगाहर्ट्झवर आणि एक शेवटी `_5G` लावलेलं. बदल पहिल्यावर झाला. दुसऱ्यावर जुनाच पासवर्ड. फायबर कंपनीच्या डब्यांत कधीकधी `SSID2`, `SSID3` अशी जादा नेटवर्कंही असतात. तीही उघडून बघा आणि नको असतील तर बंद करा.

क्रम महत्त्वाचा आहे. लॅपटॉप केबलने जोडलेला ठेवा, नाहीतर मधेच तुम्हीच बाहेर फेकले जाल. सगळ्यात आधी राउटरच्या पानाचा लॉगिन पासवर्ड बदला. तो अजून `admin` असेल, तर आत बसलेला माणूस तुमचा नवा वाय-फाय पासवर्ड त्याच पानावर वाचू शकतो. मग `WPS`, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ आकड्यांचा दिसतो, पण शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो आणि राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो. त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत पिन सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालं. पिन मिळाला की तुमचा पासवर्ड कितीही भारी असो, तो आपोआप हाती येतो. काही डब्यांत WPS बंद करायची सोय दिसत नाही. तेव्हा कंपनीकडून बंद करून घ्या, किंवा त्या डब्याचं वाय-फाय बंद करून पुढे स्वतःचा राउटर लावा. हे झाल्यावर मग दोन्ही बँडचे पासवर्ड.

पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर ठेवायची आपल्याकडे फार हौस. लाइन टाकायला आलेला माणूसच तो टाकून जातो. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या सुरक्षा पद्धतीत तुमचा फोन राउटरला जोडला जाताना होणारी बोलणी कोणी पार्किंगमध्ये उभं राहून टिपून घेतली, की पुढचे अंदाज तो घरी बसून लावतो. राउटरला कळतही नाही. गेमिंगच्या कम्प्युटरमधलं ग्राफिक कार्ड सेकंदाला ४ लाख पासवर्ड तपासतं असं धरलं, तरी ४०० कोटी संपायला पावणेतीन तास लागतात.

त्यापेक्षा शब्दकोश कुठेही उघडून आलेले पाच असंबद्ध शब्द रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत जोडा, उदाहरणार्थ `khurpa-jina-vadal-sutli-pohe` (हाच ठेवू नका). मर्यादा ८ ते ६३ अक्षरांची आहे, त्यामुळे जागा भरपूर. टीव्हीच्या रिमोटने चिन्हं शोधत बसण्यापेक्षा असा पासवर्ड टाकायलाही सोपा जातो. शब्द मात्र मनाने निवडू नका. मनाने निवडले की घरच्यांची नावं आणि कुलदैवतच येतं.

चूक: सुरक्षेचा प्रकार जसा आला तसाच

पासवर्डच्या शेजारीच `Security` किंवा `Authentication` चा पर्याय असतो. `Open` आणि `WEP` दिसले तर लगेच बदला. `TKIP` असलेलं काही निवडू नका: ते जुनं आणि कमकुवत तर आहेच, शिवाय नुसतं तेच ठेवलं तर स्पीड ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. नवा फायबर घेऊनही नेट रडतं, त्यामागे कधीकधी एवढंच असतं. किमान `WPA2-PSK [AES]` हवं. सगळी उपकरणं नवी असतील तर `WPA3-Personal`. २०१८ मध्ये आलेल्या या पद्धतीत टिपलेल्या बोलण्यांवर घरी बसून अंदाज लावता येत नाहीत. प्रत्येक प्रयत्न राउटरसमोरच करावा लागतो.

सरांच्या घरी नुसतं डब्ल्यूपीए३ लावलं तेव्हा सोलरची स्टिक आणि जुना प्रिंटर अडले. लक्षण ठरलेलं: पासवर्ड बरोबर असूनही उपकरण पुन्हा पुन्हा तोच मागतं, किंवा त्याला नेटवर्कच दिसत नाही. मग `WPA2/WPA3` मिश्र ठेवावं लागतं. अशा मिश्र नेटवर्कवर जुन्या पद्धतीने जोडलेल्या उपकरणांच्या वाटेने अंदाज लावता येतातच, म्हणून लांब पासवर्डातून सुटका नाही.

पाहुण्यांसाठी आणि अशा स्टिक-बल्बसाठी गेस्ट नेटवर्क वेगळ्या पासवर्डाने चालू करा. पाहुणे गेले की तेवढाच बदलायचा. फक्त लक्षात ठेवा, गेस्टवरून घरच्या प्रिंटरवर छापता येत नाही आणि फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर टाकता येत नाही, कारण ते नेटवर्क घरच्या उपकरणांपासून तोडलेलं असतं. म्हणून सरांची स्टिक गेस्टवर गेली, प्रिंटर मुख्य नेटवर्कवर राहिला, आणि त्या प्रिंटरपायीच मुख्य नेटवर्क अजून मिश्र ठेवलेलं आहे.