"जुनं पित्त आहे" म्हणून गप्प बसताय? पित्ताशयाच्या खड्यांबाबत या चुका टाळा

मी सोनोग्राफी करतो. दिवसाआड कुणीतरी टेबलावर आडवं होतं, उजव्या बरगडीखाली तळहात ठेवतं आणि सांगतं, "इथे जड जड वाटतं, तेलकट खाल्लं की जास्तच, पण ते माझं जुनं पित्त आहे हो." हे जुनं पित्त ऐकलं की मला कळतं की या माणसाने निदान सहा महिने तरी गोळ्या खाण्यात घालवलेत.

घोळ आपल्या शब्दातच आहे. छातीत जळजळलं की पित्त, आंबट ढेकर आली की पित्त, डोकं धरलं तरी पित्तच. पण ते सगळं जठरातल्या ॲसिडचं प्रकरण. खरं पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा पिवळा-हिरवा रस, तो चरबी पचवायला लागतो आणि यकृताखाली चिकटलेल्या एका छोट्या पिशवीत साठून राहतो. ती पिशवी म्हणजे पित्ताशय, आणि आपण ज्या खड्यांबद्दल बोलतोय ते तिथे होतात. जठराची गोळी त्या पिशवीपर्यंत काहीच काम करत नाही.

चूक पहिली: गोळी घेतली आणि थांबलं, म्हणजे ॲसिडिटीच होती

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

एक बाई आल्या होत्या, वय ४६. रात्री नऊला जेवण, आणि तेलकट काही झालं असेल तर अकरा-साडेअकराला दुखणं सुरू. आधी पोटाच्या वर मधोमध, मग उजव्या बरगडीखाली, मग पाठीत उजव्या खांद्याच्या पात्याखाली. कळ येऊन जाऊन नाही, एकदा चढली की तशीच टिकून राहायची. मळमळ व्हायची, कूस बदलून काही फरक नाही, गॅस सरून काही फरक नाही. त्या ॲसिडिटीचं औषध प्यायच्या, एक-दीड वाजता दुखणं उतरायचं आणि औषध लागू पडलं म्हणून झोपायच्या. असं आठ महिने.

आता आत काय चाललं होतं बघा. चरबी लहान आतड्यात पोचली की आतडं एक हार्मोन सोडतं आणि त्याने पित्ताशय आवळतं, रस बाहेर ढकलायला. आत खडा असेल तर तो पिशवीच्या तोंडाशी जाऊन बसतो आणि पिशवी बंद दारावर जोर लावत राहते, ते दुखतं. काही वेळाने पिशवी सैल पडते, खडा मागे घसरतो, दुखणं थांबतं. म्हणजे ते आपोआपच थांबणार होतं. त्यांनी औषधाऐवजी नुसतं पाणी प्यायलं असतं तरी दीड वाजता उतरलंच असतं, श्रेय मात्र फुकटात औषधाला गेलं.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, तारीख टाकून तीन गोष्टी लिहा: कधी आणि काय जेवलात, दुखणं किती वाजता सुरू झालं, किती वाजता थांबलं. खड्याचं दुखणं सहसा जेवणानंतर अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांत सुरू होतं, बऱ्याचदा रात्री, आणि अर्ध्या तासापासून पाच-सहा तास टिकतं. पाच मिनिटांची टोच असेल किंवा दिवसभर रोज तेच ते जडपण असेल, तर खडा सोडून दुसरीकडे बघायला लागतं. चार नोंदी डॉक्टरांसमोर ठेवल्या की अर्धं काम झालं. पण लोकांना लिहायचा कंटाळा, त्यापेक्षा वर्षभर गोळ्या परवडतात.

चूक दुसरी: चहा-नाश्ता करून सोनोग्राफीला येणं

याच बाईंची सोनोग्राफी चार महिने आधी दुसरीकडे झाली होती, नॉर्मल म्हणून. रिपोर्ट मागितला तर खाली एक ओळ होती, पित्ताशय आकुंचन पावलेलं आहे, उपाशीपोटी पुन्हा तपासावं. ती ओळ कुणी वाचलीच नव्हती. "सकाळी काय खाल्लं होतं?" तर म्हणे दूध घातलेला चहा आणि थोडं काहीतरी, उशीर होत होता म्हणून.

उपाशीपोटी पित्ताशय रसाने भरलेलं असतं, स्क्रीनवर स्वच्छ काळी पिशवी दिसते. त्यात खडा म्हणजे पांढरा ठिपका आणि त्याच्या मागे काळी सावली. मी पेशंटला डाव्या कुशीवर वळवतो आणि खडा घरंगळतो का ते बघतो. काही खाऊन आलात की पिशवी रिकामी, सुरकुतलेली, भिंतीला भिंत चिकटलेली, त्यात बारीक खडा सहज निसटतो. सहा ते आठ तास काही खायचं नाही, बस. नीट उपाशी केलेल्या सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे क्वचितच नजरेतून सुटतात. पित्तनलिकेत उतरलेला खडा मात्र सुटू शकतो, कारण आतड्यातला गॅस आड येतो, त्यासाठी लिव्हरच्या रक्ततपासण्या आणि गरज पडली तर एमआरसीपी नावाचा एमआरआय.

साध्या एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणून निवांत झालेलेही भेटतात. बहुतेक खडे एक्स-रेत दिसतच नाहीत.

बाई माझ्याकडे आल्या तेव्हा दुखणं दोन रात्री थांबलं नव्हतं, अंगात ताप. उजव्या बरगडीखाली प्रोब दाबून "श्वास घ्या" म्हटलं तर श्वास अर्ध्यातच अडकला. खडा तोंडाशी रुतलेला, कूस बदलली तरी हलेना, पिशवीची भिंत ६ मिलिमीटर, जी ३ च्या आत असायला हवी. म्हणजे सूज आलेली. तिथून थेट ॲडमिट.

बाकीच्या, थोडक्यात

मुतखड्यासारखं भरपूर पाणी पिऊन हा खडा पडत नाही, तो रस्ताच वेगळा आहे.

ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन "खडे पाडणारे" मला फोटो पाठवतात. ते मऊ हिरवे गोळे त्या तेलाचेच बनलेले असतात, साबणासारखे, आणि एवढं तेल एकदम प्यायल्यावर पिशवी जोरात आवळते ते वेगळंच.

खडे विरघळवायची गोळी आहे, पण ती फक्त बारीक, कॅल्शियम नसलेल्या खड्यांवर चालते, महिनोन् महिने घ्यावी लागते आणि नंतर खडे पुन्हा होऊ शकतात.

उलट बाजूची चूक म्हणजे दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत खडा दिसला आणि घाबरून लगेच ऑपरेशनला धावणं. काहीच त्रास नसेल तर बहुतेकांना नुसतं लक्ष ठेवणं पुरतं.

पोटाच्या वरच्या भागात दुखतंय आणि घाम फुटलाय, धाप लागतेय, तर खडा-बिडा नंतर, आधी ईसीजी.

दुखणं सहा तासांपुढे गेलं, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद किंवा शौच पांढुरकं झालं, नाहीतर दुखणं आरपार पाठीत जाऊन उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

त्या बाईंचं पित्ताशय दुर्बिणीने काढलं, रात्रीचं दुखणं गेलं. ढेकरा मात्र अजून येतात, कारण त्या खड्याच्या नव्हत्याच. ती त्यांची खरीखुरी ॲसिडिटी.