आजच्या डोळ्यांना चालेल असा जुना सिनेमा कसा निवडावा

जुने सिनेमे बघायला सुरुवात करायची म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: ‘सर्वकालीन शंभर सर्वोत्तम’ची यादी काढा आणि पहिल्या क्रमांकापासून लागा. असा सल्ला देणाऱ्याने तो स्वतः क्वचितच पाळलेला असतो. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने २०२२ मध्ये घेतलेल्या समीक्षकांच्या मतदानात ‘जान दीलमान’ (१९७५) पहिला आला. सिनेमा मोठाच आहे. पण तो सव्वातीन तासांहून लांब आहे, त्यातली बाई बटाटे सोलते, भांडी घासते आणि कॅमेरा ते काम संपेपर्यंत हलत नाही. वेळ जाणवावा म्हणूनच तो तसा केलाय. अशा याद्यांमध्ये सिनेमाचा पुढच्या दिग्दर्शकांवर किती परिणाम झाला याला मोठं वजन असतं. रात्री नऊला दमून बसलेला माणूस साडेदहापर्यंत टिकेल का, हा प्रश्न तिथे कुणी विचारलेलाच नसतो. सुरुवातीला याद्या बाजूला ठेवा.

उमेदवार गोळा करणं सोपं आहे. १९४० ते १९७० या काळातले गुन्हेकथा, कोर्ट, दरोडा किंवा एका रात्रीत घडणारी गोष्ट असलेले, ८० ते ११० मिनिटांचे सात-आठ सिनेमे लिहून काढा.

यातून निवड करताना मात्र गाडी अडते. बहुतेक जण ‘वेगवान’ जुना सिनेमा शोधतात आणि वेग म्हणजे भराभर कट असं धरून चालतात. हॉलिवूडमध्ये १९३० ते १९६० च्या दरम्यान एक शॉट सरासरी आठ ते अकरा सेकंद चालायचा, आता तो तीन ते सहा सेकंदांवर आलाय. हा आकडा खरा आहे, पण निवडीसाठी बिनकामाचा. हिचकॉकचा ‘रोप’ (१९४८) घ्या. ८० मिनिटांच्या या सिनेमात जेमतेम दहा-अकरा शॉट आहेत, त्यातले काही नऊ-दहा मिनिटांचे. कटांच्या हिशोबाने तो असह्य व्हायला हवा. तरी तो हलू देत नाही, कारण अगदी सुरुवातीला दोन तरुण आपल्या मित्राचा गळा आवळतात, प्रेत पेटीत टाकतात आणि त्याच पेटीवर जेवण मांडून पाहुण्यांना बोलावतात. पाहुण्यांत मेलेल्याचे वडीलही आहेत. त्यानंतर कॅमेरा कितीही सावकाश फिरला तरी आपली नजर पेटीच्या झाकणावरच असते.

म्हणजे शॉट किती लांब आहे हे मोजू नका. प्रश्न किती लवकर पडतो ते बघा. आजच्या प्रेक्षकाला संथ शॉट खुपत नाही. आपण कशाची वाट बघतोय हे कळत नाही, ते खुपतं.

त्यासाठी एक चाचणी आहे. सिनेमा लावा आणि टायटल्स संपल्यावर घड्याळ सुरू करा. जुन्या सिनेमांत सगळी नावं सुरुवातीलाच यायची, त्यामुळे पहिली दीड-दोन मिनिटं नुसतं संगीत असतं. ती धरू नका. पंधराव्या मिनिटाला थांबवा आणि एका वाक्यात सांगून बघा: कुणाला काय हवंय, आड काय येतंय आणि कधीपर्यंत. पहिल्या दोन गोष्टी सांगता आल्या तर सिनेमा ठेवा. तिसरीही सांगता आली, म्हणजे मुदत ठरलेली असेल, तर तो यादीत सगळ्यात वर घ्या. वाक्याची सुरुवात ‘एका गावात एक कुटुंब असतं आणि...’ अशी होत असेल तर तो सिनेमा वाईट नाही, पण आजचा नाही.

‘हाय नून’ (१९५२, ८५ मिनिटं) या चाचणीत कसा उतरतो बघा. टायटल्सवर गाणं चालू असताना तीन घोडेस्वार एकत्र येतात. मार्शल केनचं लग्न लागतं, तो नोकरी सोडून गाव सोडायच्या तयारीत आहे. तेवढ्यात तार येते: त्यानेच तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटलाय आणि दुपारी बाराच्या गाडीने येतोय. ते तिघे स्टेशनवर त्याचीच वाट बघतायत. हे सगळं पहिल्या दहा मिनिटांच्या आत. वाक्य तयार झालं: केनला माणसं गोळा करायची आहेत, गाव मागे सरतंय, मुदत बारा वाजेपर्यंत. शिवाय पडद्यावरचा वेळ आणि गोष्टीतला वेळ जवळपास बरोबरीने चालतात आणि भिंतीवरची घड्याळं पुन्हा पुन्हा दिसतात. सत्तर वर्षांपूर्वीचा सिनेमा आहे हे विसरायला होतं.

पण इथेच एक खड्डा आहे. ‘वेस्टर्न आहे, मस्त गोळीबार’ असं सांगून तो कुणाला दाखवलात तर बहुधा फसाल. गोळीबार अगदी शेवटी आहे. मधला तासभर केन दारोदार फिरतो आणि लोक त्याला नाही म्हणतात. न्यायाधीश सामान बांधतो, एक मित्र बायकोला पुढे करून घरात नसल्याचं सांगायला लावतो, चर्चमध्ये सभा भरते आणि विरते. ताण आहे तो ‘आता कोण उरलं?’ याचा. हे आधी सांगितलं तर माणूस नकार मोजत बसतो, नाहीतर बंदुका कधी निघणार म्हणून कंटाळतो. चाचणीचं ते एक वाक्य बघणाऱ्यांना आधीच सांगून टाका. त्याने रहस्य फुटत नाही. रहस्य फुटेल या भीतीने काहीच न सांगणं हा तितकाच मोठा घोटाळा.

चाचणीला मर्यादाही आहे. ‘द वेजेस ऑफ फिअर’ (१९५३) या फ्रेंच सिनेमात चार माणसं दोन ट्रकमधून नायट्रोग्लिसरीन घेऊन डोंगराच्या खराब रस्त्याने निघतात. धक्का बसला की सगळं उडणार. याहून ताणाचा सिनेमा सापडणं कठीण. पण ट्रक हलायला जवळजवळ तास लागतो, त्याआधी एका धुळकट गावात अडकलेली बेकार माणसं उन्हात बसलेली दिसतात. पंधरा मिनिटांत हा नापास. तो पहिला तास कापून टाकण्यासारखा मुळीच नाही, कारण पैशासाठी ही माणसं एवढ्या थराला का जातात ते तिथेच कळतं. म्हणून हा पहिला दाखवू नका. पाच-सहा जुने सिनेमे पचल्यावर लावा आणि ‘तासाभराने ट्रक निघतात’ हे आधी सांगा. अमक्या वेळी काय सुरू होणार हे माहीत असलं की माणूस तेवढा वेळ खुशीने देतो.

दुसरी अडचण सबटायटल्सची, आणि ती कुणी सांगत नाही. ‘वेगवान जुना सिनेमा’ म्हटलं की ‘हिज गर्ल फ्रायडे’ (१९४०) हमखास सुचवला जातो. त्यात माणसं एकमेकांच्या वाक्यावर वाक्य चढवून बोलतात, तेही मशीनगनसारखं. कानाने सगळं कळणाऱ्याला धमाल. सबटायटल्स वाचणाऱ्याला मात्र दीड तास पडद्याचा खालचा भागच दिसतो आणि नटांचे चेहरे निसटतात. संवादाची भाषा सहज कळत नसेल तर बोलका विनोद टाळा आणि काम दाखवणारा सिनेमा घ्या. ‘रिफिफी’ (१९५५) मधला दरोडा सुमारे अर्धा तास चालतो, त्यात एकही संवाद नाही, संगीत नाही. छताला आधी छोटं भोक पाडतात, त्यातून बंद छत्री खाली सोडून उघडतात, म्हणजे पुढे पडणारा ढपला जमिनीवर आपटून आवाज होणार नाही. वाचायला काही नाही आणि मान वळवायची सोय नाही. हिंदीत ‘कानून’ (१९६०) आणि ‘इत्तेफाक’ (१९६९) हे दोन बिनगाण्यांचे सिनेमे चाचणीला लावून बघा. वाचायची भानगड तिथे नाहीच.

सिनेमा ठरला की प्रत तपासा. ‘जुना सिनेमा संथ वाटला’ ही तक्रार बऱ्याचदा प्रतीची असते. अमेरिकेत हक्कमुक्त झालेल्या सिनेमांच्या बाबतीत हे फार घडतं. ‘शराड’ (१९६३) च्या प्रतींवर हक्काची सूचना नीट छापायची राहून गेली आणि तो तिथे लगेच हक्कमुक्त झाला. कुणालाही काढता येत असल्यामुळे त्याच्या ढिगाने प्रती निघाल्या, त्यात पुसट चित्राच्या आणि घोगऱ्या आवाजाच्याही. ‘हिज गर्ल फ्रायडे’चीही तीच गत. आवाज अस्पष्ट असला की मेंदू शब्द ओळखण्यातच दमतो आणि त्या दमण्याला आपण ‘रटाळ’ म्हणतो. एक मिनिट डोळे मिटून ऐका. संवाद कळत नसेल तर रिस्टोर केलेली प्रत शोधा.

लांबीही ताडून बघा. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) ९६ मिनिटांचा आहे. तुमची प्रत ९२ मिनिटांची असेल तर घाबरू नका, सेकंदाला २४ फ्रेम्सचा सिनेमा २५ च्या वेगाने चालवला की सुमारे चार टक्के वेळ कमी होतो. ८० मिनिटांची असेल तर कुणीतरी कात्री चालवलीय. गाडीची चाकं अंडाकृती दिसली तर चित्र ताणलंय, टीव्हीच्या सेटिंगमध्ये मूळ आकार निवडा. हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंगही बंद करा, त्याने सगळं मालिकेसारखं दिसतं.

पुढचा सिनेमा निवडताना नटाच्या मागे जाऊ नका, नट सगळ्या प्रकारचे सिनेमे करतो. दिग्दर्शकाच्या मागे जा, प्रश्न लवकर टाकायची सवय बहुधा त्याच्याबरोबर राहते. बिली वाइल्डरचा ‘डबल इंडेम्निटी’ (१९४४) सुरू होतो तो जखमी विमा एजंट रात्री ऑफिसात येऊन यंत्रावर खुनाची कबुली नोंदवतो तिथून. खुनी कोण हे आधीच कळलं, उरलं ते फसला कसा. तो आवडला तर त्याचाच ‘एस इन द होल’ (१९५१) घ्या: गुहेत एक माणूस अडकलाय आणि बातमी चालत राहावी म्हणून पत्रकार सुटकेचं काम लांबवतोय. त्यानंतर ‘द अपार्टमेंट’ (१९६०). तो दोन तासांहून थोडा लांब असूनही जड जात नाही, पण तो या दोघांनंतरच लावा.