सलूनची खुर्ची, स्टीमर, ड्रायर: काय नवं, काय जुनं, काय भाड्यानं?

हाताशी पैसा कमी असेल तर जुनी घ्यावी ती खुर्ची. बिघडते बहुधा एकच गोष्ट, हायड्रॉलिक पंप, आणि ती दुकानातच तपासता येते. सीट पूर्ण वर उचला, एखाद्या वजनदार माणसाला बसवा आणि जमिनीपासून सीटची उंची टेपनं मोजा. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. सीट खाली आली असेल तर पंपाचं आतलं सील गेलंय. पंपाभोवती तेलाचा ओशट डाग दिसला तरी तेच समजा. बरेच पंप उघडून दुरुस्त होत नाहीत, अख्खा बदलावा लागतो. त्या पंपाची किंमत विचारूनच भाव करा. पाठ मागे टेकवून लॉक धरतं का, तेही पाहा. फाटक्या रेक्झिनची चिंता नको. उलट कोरं रेक्झिन चढवलेली खुर्ची जास्त बारकाईनं तपासा.

हिशेब असा मांडा. समजा नवी खुर्ची १४,००० ची आहे. जुनी ६,००० ला मिळतेय, वर पंप १,८००, रेक्झिन १,२०० आणि जळगावहून चाळीसगावला आणायचं टेम्पोभाडं ८००, म्हणजे ९,८००. भाडं महिना ७०० असेल तर चौदा महिन्यांत जुन्या खुर्चीची पूर्ण किंमत भाड्यातच जाते आणि खुर्ची तरी आपली होत नाही. जागा वर्षभरात बदलणार असाल, तरच भाड्याचा विचार करा.

स्टीमरचं गणित वेगळं. आपल्याकडे बोअरचं पाणी अनेक ठिकाणी जड. ते तापलं की क्षार कॉइलवर पांढरा थर धरतात. मग वाफ उशिरा येते, कॉइल जळते किंवा नळीतून गरम पाण्याचे थेंब उडतात. ते थेंब गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर पडतात, म्हणून हा दोष चालवून घेऊ नका. जुना स्टीमर घ्यायचाच तर टाकी उघडून कॉइल पाहा, खुणेपर्यंत पाणी भरून चालवा आणि तीन पिनांचा प्लग शाबूत आहे ना, ते बघा. थर जाड असेल तर सोडून द्या. नव्यातही डिस्टिल्ड किंवा आरओचंच पाणी घाला. आखाजीच्या लग्नसराईपुरता जादा स्टीमर हवा असेल, तर तेवढ्या दोन महिन्यांसाठी भाडं परवडतं.

ड्रायर मात्र नवाच, पक्क्या बिलासह. जुना किती तास चालला हे कुणी सांगत नाही, आणि झिजलेले कार्बन ब्रश बाहेरून दिसत नाहीत. २००० वॉटचा ड्रायर २३० व्होल्टवर नऊच्या आसपास अँपिअर ओढतो. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावला तर प्लग तापून वितळतो. १६ अँपिअरचा पॉइंट काढायचा खर्च ड्रायरच्या किमतीतच धरा.

भाड्याच्या कागदावर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: दुरुस्ती कुणाच्या खिशातून, मशीन बंद असलेल्या दिवसांचं भाडं कापणार का, आणि अनामत किती दिवसांत परत मिळणार. मशीन ताब्यात घेताना आधीचे ओरखडे, चिरा यांचे फोटो मालकासमोरच काढा, नाहीतर परत देताना ते अनामतीतून वळते होतात.